फायनल, फायनल २ आणि फायनल फायनल

रात्रीचे पावणेअकरा. मी माझ्या डेडलाइनच्या मागे धावतेय आणि तेवढ्यात मोबाइल वाजतो.

"ताई, झोपली नाहीस ना? मला वाटतं मी जर्मनीला जातच नाहीये."

चिनू. माझी मामेबहीण. मूळची साताऱ्याची, इंजिनीअरिंग पुण्यात आणि मग तीन वर्षं हिंजवडीत रोज दीड तास जायचा, दीड तास यायचा. मार्च २०२५ मध्ये तिने ठरवलं की बास झालं, आता मास्टर्स. चार युनिव्हर्सिटीज शॉर्टलिस्ट केल्या होत्या. त्यातल्या सगळ्यात आवडत्या कोर्सची अट होती, जर्मन पद्धतीने ग्रेड २.५ किंवा त्याहून चांगली हवी. तिकडे सगळं उलटं असतं, १ म्हणजे टॉपर आणि ४ म्हणजे काठावर पास. चिनूने एका सीनिअरची एक्सेल शीट घेऊन स्वतःचा हिशोब केला आणि उत्तर आलं २.६८.

"म्हणजे अप्लायच करायचं नाही?" तिचा रडवेला आवाज.

मी म्हटलं, शनिवारी ये. सगळे कागद घेऊन ये.

शनिवारी ती आली ती एक प्लॅस्टिकची निळी फाइल, ऑफिसचा लॅपटॉप आणि लग्नाच्या बस्त्याच्या एका जुन्या पिशवीसह. पिशवीत मामाने दिलेले 'महत्त्वाचे कागद'. लॅपटॉपचा डेस्कटॉप बघितला आणि मी हात जोडले. scan001.pdf, marksheet final.pdf, marksheet final 2.pdf, final FINAL use this.pdf, आणि IMG ने सुरू होणारे साठेक फोटो. तुमचा डेस्कटॉप याहून वेगळा असेल तर तुमचं अभिनंदन. माझा नव्हता!

पाठीमागे काय आहे?

आम्ही पलंगावर चादर अंथरून कागद पसरले आणि आधी मूळ मार्कशीट्स शोधल्या. आठ सेमिस्टर, आठ मार्कशीट्स. मी सहज एक उलटी केली. मागे बारीक अक्षरात एक तक्ता होता, किती टक्क्यांना कुठली ग्रेड आणि त्या ग्रेडला किती पॉइंट. शेवटची ओळ, पास होण्यासाठी किमान ४ पॉइंट.

चिनूच्या स्कॅनमध्ये हे पान नव्हतंच. कुणीच मागची बाजू स्कॅन करत नाही, कारण तिथे आपले मार्क नसतात. पण तिकडे मार्क बदलायचं जे सूत्र सर्रास वापरलं जातं, त्याला तीन आकडे लागतात. जास्तीत जास्त किती मिळू शकतात, पास व्हायला कमीत कमी किती लागतात आणि तुम्हाला किती मिळाले. पहिल्यातून तिसरा वजा करायचा, त्याला पहिला वजा दुसरा याने भागायचं, तीनने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. त्या सीनिअरचं कॉलेज वेगळं, त्यामुळे त्याच्या शीटमध्ये पासिंग ५ धरलेलं होतं. चिनूचा सीजीपीए ७.२. म्हणजे १० वजा ७.२, २.८. भागिले ५, गुणिले ३, अधिक १. झाले २.६८. पण पासिंग ४ असेल तर २.८ भागिले ६, आणि उत्तर २.४.

दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. २.४! अटीच्या आत.

आता, शेवटी कुठला आकडा धरायचा ते ती युनिव्हर्सिटी ठरवणार, आपण नाही. पण त्यांना धरता यावा म्हणून तो आकडा त्यांच्या समोर तर असायला हवा ना? अर्ज तपासणाऱ्याकडे तुमचा कागद नसतो, फक्त त्याचं चित्र असतं. चित्रात जे नाही ते त्याच्यासाठी नाहीच.

म्हणून त्या दिवशीचा पहिला नियम ठरला. कागदाची कोरी दिसणारी बाजूसुद्धा उलटून बघायची, आणि तिथे एक ओळ जरी छापलेली असली तरी स्कॅन करायची. आठ मार्कशीट्सची सोळा पानं. पुढची बाजू, मागची बाजू, पुढची, मागची, सेमिस्टरच्या क्रमाने.

तीन ढीग

मग आम्ही चादरीवर तीन ढीग केले. खरं तर सगळा फंडा इथेच आहे. ओरिजिनल, साक्षांकित प्रत आणि स्कॅन, या तिघांना आपण एकाच फाइलमध्ये कोंबतो आणि एकासारखंच वागवतो. प्रत्यक्षात तिघांची किंमत वेगवेगळ्या गोष्टीत आहे.

ओरिजिनल. तो एकच असतो, त्यामुळे त्याचं काम फक्त जपून राहण्याचं. त्याला भोक पाडायचं नाही, स्टेपल करायचा नाही, आणि मामांनो, काकांनो, हात जोडून विनंती, लॅमिनेट करायचा नाही! चिनूची दहावीची मार्कशीट मामाने निकालाच्याच आठवड्यात कौतुकाने लॅमिनेट करून आणली होती. स्कॅन करताना तिच्यावर दिव्याचा पांढरा पट्टा उमटत होता आणि शिक्का नेमका त्या पट्ट्याखाली. शिवाय काही देशांसाठी कागदाला अपोस्टिल लागतं (भारत या करारात २००५ पासून आहे), आणि तो शिक्का किंवा स्टिकर मूळ कागदाच्या अंगावर लावतात. प्लॅस्टिकवर कुणी लावून देत नाही. इस्त्री फिरवून लॅमिनेशन सोलायचे घरगुती उपाय लोक सांगतात, ते करू नका, शाई प्लॅस्टिकबरोबर निघून येते. बोर्डाच्या विभागीय कार्यालयाकडून दुय्यम गुणपत्रिका मिळते. वेळ लागतो, पण मिळते. चिनूने मार्चमध्येच अर्ज टाकला म्हणून निभावलं.

साक्षांकित प्रत, म्हणजे आपली ट्रू कॉपी. हिची किंमत तिच्यावरच्या ओल्या शाईत असते. नोटरीने मूळ कागद समोर ठेवून प्रत ताडून बघितली, प्रत मूळ कागदाबरहुकूम आहे असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला, तारीख टाकली. तो शिक्का आणि ती सही त्या एकाच कागदावर खरी आहे. त्याची पुन्हा झेरॉक्स काढलीत की उरते ती साधी झेरॉक्स, शिक्क्याच्या फोटोसकट. आपल्याकडे झेरॉक्सवाले काका "अटेस्टेड करून ठेवतो, संध्याकाळी या" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ओरिजिनल कुणी बघितलेलंच नसतं. त्या भानगडीत पडू नका. स्वतः मूळ कागद घेऊन जा आणि समोर बसून करून घ्या.

आणि हो, स्वतःच सही करून 'सेल्फ अटेस्टेड' लिहिणं वेगळं. २०१४ नंतर आपल्या सरकारी कामांत ते बऱ्याच ठिकाणी चालायला लागलं, गॅझेटेड ऑफिसर शोधत फिरायचे दिवस गेले. पण बाहेरच्या युनिव्हर्सिटीने सर्टिफाइड कॉपी म्हटलं तर तिला तुमची सही नको असते.

चिनूने नोटरीकडून तीन सेट करून घेतले होते. छान केलेले. जर्मनीत एकापेक्षा जास्त पानांची प्रत असेल तर पानं एकमेकांना जोडलेली हवीत आणि शिक्क्याचा थोडा थोडा भाग प्रत्येक पानावर यायला हवा, म्हणजे मधलं पान कुणी बदलू नये. नोटरींनी कोपरा दुमडून, स्टेपल करून, पंख्यासारखी पानं सरकवून वरून गोल शिक्का मारला होता. आणि चिनूबाईंनी काय केलं? ऑफिसच्या स्कॅनरमधून पानं भराभर आत खेचली जावीत म्हणून स्टेपल काढलं!

"परत लावीन ना," ती म्हणाली.

नाही. स्टेपल निघालं, शिक्क्याचे तुकडे सुटे झाले, तो सेट बाद. वर पुन्हा मारलेल्या पिनेची दोन जास्तीची भोकं बघून कुणालाही शंका येईल. राहिले दोन.

चूक स्टेपलची नव्हती, क्रमाची होती. आधी ओरिजिनलचं स्कॅनिंग, मग झेरॉक्स, मग नोटरी. एकदा नोटरी झाली की तो सेट पाकिटात घालायचा, पाकिटावर 'सेट २, उघडू नये' लिहायचं आणि विसरून जायचं. अपलोड करायला ओरिजिनलचा स्कॅन आधीच तयार असेल तर या सेटला हात लावायची वेळच येत नाही. (तुमची युनिव्हर्सिटी मुद्दाम साक्षांकित प्रतीचाच स्कॅन मागत असेल तर सपाट काचेच्या स्कॅनरवर एकेक पान उलटून करा. पिनेला हात नाही.)

एकदाच, पण नीट

तर आम्ही स्कॅनिंग पहिल्यापासून सुरू केलं. मोबाइलचे स्कॅनिंग अ‍ॅप वाईट नसतात, घाईत मीही तेच वापरते. पण ते स्वतःच्या अकलेने फोटो 'सुधारतात'. कागद पांढराशुभ्र करायच्या नादात फिकट निळा शिक्का आणि वॉटरमार्क धुऊन टाकतात. आणि ब्लॅक अँड व्हाइट मोड तर विषच. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातला सपाट काचेचा स्कॅनर, रंगीत आणि ३०० डीपीआय. त्याहून जास्त घेऊन फायदा नाही, फाइल नुसती फुगते.

सोळा पानांची मिळून एक पीडीएफ झाली, २४ एमबीची. एका पोर्टलची मर्यादा होती ५ एमबी. इथे बहुतेकजण काय करतात, तर कॉम्प्रेस करून तीच फाइल सेव्ह करतात. चांगला स्कॅन गेला आणि हातात उरला खराब. पुढच्या पोर्टलला १० एमबी चालत असतात, पण आपल्याकडे आता ते नसतंच.

म्हणून दोन फोल्डर. एक MASTER, ज्याच्यात ३०० डीपीआयच्या मूळ फाइल्स, आणि तिथे काहीही बदलायचं नाही. दुसरा UPLOAD, त्यात प्रत्येक युनिव्हर्सिटीचा एक सबफोल्डर, आणि मास्टरमधून कॉपी करून तिथेच काय ती कापाकापी. आम्ही १५० डीपीआयला आणलं. लांबी-रुंदी दोन्हीकडून अर्धी झाली की वजन साधारण पाव होतं. थोडं आणखी दाबून ४.६ एमबी झाली. मग एकच परीक्षा. स्क्रीनवर २०० टक्के मोठं करून सीट नंबर आणि मागचा तो बारीक तक्ता वाचता येतोय का? आला. पुढे.

एका ठिकाणी मात्र अडखळलो. चिनूने डिजिलॉकरमधून बारावीची मार्कशीट उतरवली होती. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात हे तुमच्या लक्षात आलंय का? एकात बोर्डाने किंवा खात्याने स्वतः दिलेले कागद, ते आपल्याकडे कायद्याने ओरिजिनलच्या बरोबरीचे. दुसऱ्यात तुम्ही स्वतः चढवलेले स्कॅन, ते फक्त स्कॅनच. चिनूची मार्कशीट पहिल्या कप्प्यातली, डिजिटल सही असलेली. आणि तिने ती दहावीच्या स्कॅनबरोबर जोडून कॉम्प्रेस केली. अशी फाइल जोडली, दाबली किंवा पुन्हा प्रिंट टू पीडीएफ केली की सही तुटते आणि उरतं नुसतं चित्र. ती जशी आली तशीच मास्टरमध्ये, आणि अपलोडलाही शक्यतो जशीच्या तशी.

पासवर्डवाली पीडीएफही अशीच दगा देते. तुमच्याकडे उघडते, कारण पासवर्ड तुम्हाला पाठ आहे. समोरच्याला फक्त कुलूप दिसतं.

नावात काय आहे? सगळं!

मराठी माणसाच्या कागदांवर नावाची एक वेगळीच गंमत. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पदवीवर कधी स्वतःचं आधी, कधी आईचंही मध्येच. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं व वडिलांचं मिळून दुसऱ्या रकान्यात. परदेशातल्या माणसाला कळेना की यातलं सरनेम कुठलं. त्यामुळे अर्जात आणि फाइलच्या नावातही एकच प्रमाण धरायचं, ते म्हणजे पासपोर्ट. कुठे स्पेलिंगच वेगळं असेल (चिनूच्या एका मार्कशीटवर वडिलांच्या नावात एक जादा ए होता) तर नोटरीकडे आलेलोच आहोत तेव्हा त्याचं प्रतिज्ञापत्रही करून घ्यावं.

मग फाइल्सची नावं. आम्ही एकच साचा ठरवला:

```
01_Joshi_Passport_MASTER.pdf
02_Joshi_SSC_Marksheet_MASTER.pdf
04_Joshi_BE_Sem1-8_Marksheets_MASTER.pdf
05_Joshi_BE_Degree_MASTER.pdf
09_Joshi_CV_2025-04-12.pdf
```

पुढचा आकडा दोन अंकी, कारण नुसतं १ लिहिलं तर काही ठिकाणी १० नंबर २ च्या आधी जाऊन बसतो. आडनाव हवंच. तुमच्या लॅपटॉपवर Marksheet.pdf ही एकच असेल, पण तिकडच्या माणसाकडे त्या नावाच्या शेकडो येतात. मध्ये स्पेस नाही, टिंब फक्त शेवटच्या pdf च्या आधी, देवनागरी नाही आणि & वगैरे चिन्हंही नाहीत. काही पोर्टल अशी नावं नाकारतात, काही त्यांची खिचडी करतात. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे नावाने लावल्या की आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. तारीख फक्त बदलणाऱ्या कागदांना, जसा सीव्ही किंवा एसओपी. मार्कशीट काय बदलणार आहे थोडीच!

आणि 'फायनल' हा शब्द बंद. फायनल नावाची गोष्ट अर्ज पाठवल्यावरच कळते. पाठवलं की त्या युनिव्हर्सिटीच्या फोल्डरच्या नावापुढे SENT आणि तारीख लावायची आणि मग आत काही बदलायचं नाही. दोन महिन्यांनी कुणी विचारलं, "तुम्ही कुठला सीव्ही पाठवला होता?" तर उत्तर तिथे असतं.

मामीचं कपाट

बॅकअपचं नाव काढल्यावर चिनू म्हणाली, "आहे ना, ड्राइव्हवर आहे."

ड्राइव्हवर होतं, पण सिंक केलेलं. म्हणजे लॅपटॉपवरचा फोल्डर आणि ढगातला फोल्डर ही एकच गोष्ट, दोन खिडक्यांतून दिसणारी. इकडे डिलीट केलंत की तिकडेही डिलीट. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं, मग कायमचं जातं. आणि अर्ज ते व्हिसा हे प्रकरण ३० दिवसांत कुणाचं संपतं? त्यातून तो लॅपटॉप ऑफिसचा. राजीनामा दिला की तो परत जाणार.

फोटोग्राफर मित्रांकडून मी एक हिशोब शिकलेय, तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. चिनूसाठी त्याचं रूप असं झालं. तिच्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर एक. तिच्या खासगी ड्राइव्हवर एक. आणि एका पेन ड्राइव्हवर एक, जो गेला साताऱ्याला, मामीच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं भरवशाचा नसतो, पण एका अ‍ॅडमिशनपुरता चालतो. दर महिन्याच्या एक तारखेला तो लावून दोन फाइल्स उघडून बघायच्या. नुसती यादी बघायची नाही, उघडायच्या. यादी तर खराब झालेल्या ड्राइव्हवरही दिसते.

मामीला हे काम इतकं आवडलं की एक तारखेला सकाळी साडेआठला ती चिनूला फोन करायची, "पासपोर्ट उघडला गं, तुझा फोटो काही बरा नाही."

एक सावधगिरी मात्र. या फोल्डरमध्ये पासपोर्ट असतो, आधार असतं, बँकेचे कागद असतात. त्याची लिंक 'ज्याच्याकडे लिंक आहे त्याला दिसेल' अशी ठेवून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. आधार द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात. आणि स्कॅन व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवायचाच झाला तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरांचा भुगा होतो.

सगळ्यात साधी गोष्ट शेवटी केली, पण खरं तर ती पहिली करायला हवी होती. वहीचं एक पान. कुठला ओरिजिनल कुठे आहे, साक्षांकित सेट किती उरले, कुठला कुणाला दिला, कधी. वहीच, कारण ती चार्ज करावी लागत नाही. चिनूच्या वहीत पहिलीच नोंद होती: 'सेट १, बाद. पिन काढली.'

चारपैकी चारही अर्ज मेच्या आत गेले. भारतातून स्टुडंट व्हिसा मागणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठीही हेच कागद लागले आणि तिथे तिला एक संध्याकाळही पुरली. आवडत्या कोर्सचं पत्र जुलैत आलं. प्रवेश पक्का करताना त्यांनी साक्षांकित प्रती मागितल्या, तेव्हा सेट २ पाकिटासकट गेला. सेट ३ मामीच्या कपाटात आहे. ओरिजिनल्स चिनूच्या पाठीवरच्या सॅकमध्ये गेले, चेक-इन बॅगेत नाही.

एअरपोर्टवरून परत येताना मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या अ‍ॅडमिशनच्या पत्राची एक प्रिंट काढून दे गं. झेरॉक्स चालेल. लॅमिनेट करून हॉलमध्ये लावतो."

म्हटलं, ती कर खुशाल!